डिफी-हेलमन की एक्स्चेंज, ४७ आणि ५ या दोन आकड्यांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यांसमोर आकडे सांगून दोघांचं गुपित ठरतं, हे नेमकं कसं?

सोसायटीच्या गेटजवळचा फळा डोळ्यांसमोर आणा. त्यावर कोणीही लिहावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी वाचावं. बी विंगमधल्या सईला आणि ए विंगमधल्या तिच्या चुलत भावाला, निखिलला, फक्त दोघांनाच माहीत असेल असा एक आकडा ठरवायचाय. मात्र बोलायला हा फळाच आहे, दुसरं काही नाही.

आधी फळ्यावर दोन आकडे लिहिले जातात: ४७ आणि ५. यात लपवण्यासारखं काहीच नाही. मग सई मनात १३ धरते आणि तो कोणाला सांगत नाही, निखिललासुद्धा नाही. ५ चा १३ वा घात काढून ती त्याला ४७ ने भागते आणि उरलेली बाकी, ४३, फळ्यावर लिहिते. निखिल मनात २९ धरतो, ५ चा २९ वा घात काढतो आणि ४७ ने भागून उरलेली बाकी, २६, लिहितो.

आता सई निखिलचा २६ घेते, त्याचा १३ वा घात काढते आणि ४७ ने भागते. बाकी ४०. निखिल सईचा ४३ घेऊन त्याचा २९ वा घात काढतो. त्याचीही बाकी ४०.

हा ४० फळ्यावर कधीच आला नाही. तिथे दिसतात ते चारच आकडे: ४७, ५, ४३ आणि २६.

दोघांचं उत्तर एकच का येतं? हा योगायोग तर नाही ना?

योगायोग नाही. सईने ५ चा आधी निखिलच्या हातून २९ वा आणि मग स्वतः १३ वा घात काढला. निखिलकडे तेच उलट्या क्रमाने झालं, आधी १३ आणि मग २९. घातावर घात चढवला की घातांकांचा गुणाकार होतो, हे आपण शाळेत शिकलो. १३ × २९ आणि २९ × १३ दोन्ही ३७७, म्हणून दोघंही ५ च्या ३७७ व्या घातापाशीच पोचतात. मध्येमध्ये ४७ ने भागून बाकी घेतली तरी शेवटची बाकी बदलत नाही. उलट त्यामुळेच आकडे हाताबाहेर जात नाहीत.

एवढे मोठे घात हाताने काढायचे तरी कसे?

वर्ग करत जायचं आणि प्रत्येक पायरीला ४७ ने भागून फक्त बाकी पुढे न्यायची. सईचा १३ वा घात असा निघतो.

५ चा वर्ग २५, हा दुसरा घात झाला. २५ चा वर्ग ६२५, त्यातून ४७ × १३ = ६११ वजा केले की १४ उरतात; हा चौथा घात. १४ चा वर्ग १९६, बाकी ८. हा आठवा घात. आता १३ म्हणजे ८ + ४ + १, तेव्हा ८, १४ आणि ५ या तिघांचा गुणाकार करायचा. ८ × १४ = ११२, बाकी १८. १८ × ५ = ९०, बाकी ४३. झालं.

तीन वर्ग आणि दोन गुणाकार एवढ्यात भागलं, ५ ला ५ ने बारा वेळा गुणत बसावं लागलं नाही. तेरासाठी हा फरक किरकोळ वाटेल. घातांकच सहाशे अंकी असेल तेव्हा मात्र एकेक गुणाकाराची पद्धत कधीच संपणार नाही, आणि वर्गांची पद्धत दोन-चार हजार गुणाकारांत आटोपते. ही सोय नसती तर सगळी युक्ती कागदावरच राहिली असती.

निखिलचा २९ वा घातही असाच काढून बघा. २९ = १६ + ८ + ४ + १, आणि सोळावा घात म्हणजे ८ चा वर्ग ६४, बाकी १७. मध्ये ४२ आणि २४ दिसले आणि शेवटी २६ आला तर हिशेब बरोबर आहे.

फळा वाचणाऱ्याने ४३ आणि २६ चा गुणाकार केला तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि चांगला आहे. ४३ × २६ = १११८, बाकी ३७. हवा होता ४०.

कारण साधं आहे. दोन घात एकमेकांना गुणले की घातांकांची बेरीज होते. त्यामुळे त्याच्या हाती ५ चा ४२ वा घात लागला (१३ + २९), ३७७ वा नाही. बेरजेपर्यंत कोणीही पोचतं. गुणाकारापर्यंत पोचायला १३ किंवा २९ यातला एक तरी ठाऊक असावा लागतो. फक्त ४३ आणि २६ हाताशी धरून ४० काढायची झटपट रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. तशी रीत नाहीच, असंही मोठ्या मूळ संख्यांसाठी कोणी सिद्ध केलेलं नाही. पन्नास वर्षं प्रयत्न होऊनही ती सापडलेली नाही, या भरवशावर हे चाललंय.

मग ५ चे सगळे घात ओळीने लिहून ४३ कुठे येतो ते बघितलं तर १३ सापडेलच की!

सापडेल. ४७ साठी तर दहा मिनिटांत. ५, २५, ३१, १४, २३, २१, ११, ८, ४०, १२, १३, १८, ४३. मोजा, तेरावा. या ओळीत पुढचा आकडा मागच्याहून मोठा येईल की लहान, याला काही धरबंध नाही. म्हणूनच ‘४३ मोठा आहे, म्हणजे घातांकही मोठा असेल’ असा अंदाज इथे बांधता येत नाही. घातांक उलट शोधण्याच्या या कोड्याला डिस्क्रीट लॉगॅरिदम म्हणतात.

पूर्ण यादी करण्यापेक्षा हुशार रस्ताही आहे, आणि तो एकदा हाताने करून बघावा असं मला वाटतं. ४६ चं वर्गमूळ सातच्या आत आहे, म्हणून ५ चे शून्य ते सहा एवढेच घात लिहून ठेवायचे: १, ५, २५, ३१, १४, २३, २१. सातवा घात ११. ११ ला ४७ च्या हिशेबात उलटवणारा आकडा ३०, कारण ११ × ३० = ३३० आणि बाकी १. म्हणजे ३० ने एकदा गुणलं की घातांक सातने कमी होतो.

सईचा ४३ घ्या. ४३ × ३० = १२९०, बाकी २१. हा २१ आपल्या यादीत सहाव्या घातापाशी आहे. एकदा सात मागे आलो आणि सहावर सापडलो, म्हणून ७ + ६ = १३. निखिलच्या २६ साठी हेच चार वेळा करावं लागतं: २८, ४१, ८, ५. पाच हा पहिला घात, तेव्हा ४ × ७ + १ = २९.

याला बेबी-स्टेप जायंट-स्टेप म्हणतात. ४६ पायऱ्यांचं काम साधारण दुप्पट वर्गमुळाएवढ्या पायऱ्यांत होतं, पण त्यासाठी यादी साठवून ठेवावी लागते.

म्हणजे सगळी भिस्त आकड्याच्या आकारावर?

बरीचशी. प्रत्यक्षात ४७ च्या जागी २०४८ बिटांची मूळ संख्या असते, म्हणजे ६१७ अंकी. तिचं वर्गमूळसुद्धा तीनशेहून जास्त अंकी, त्यामुळे वरची यादी साठवायला जगातल्या सगळ्या डिस्क जोडल्या तरी पुरणार नाहीत.

मात्र हल्लेखोर वर्गमुळावर थांबत नाहीत. नंबर फील्ड सिव्ह नावाची पद्धत त्याहून खूप वेगवान आहे. तिने डिसेंबर २०१९ मध्ये ७९५ बिटांच्या, म्हणजे २४० अंकी मूळ संख्येसाठी डिस्क्रीट लॉगॅरिदम काढून दाखवला. त्यामुळे ५१२ बिट आज निकालात निघालेत, १०२४ बिटांवर कोणी विसंबू नये आणि २०४८ हा किमान आकडा धरतात.

या पद्धतीची एक खोड मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिची बहुतेक मेहनत मूळ संख्येवर होते, सईच्या ४३ वर नाही. एका मूळ संख्येसाठी ती मेहनत एकदा झाली की त्याच संख्येवर चाललेली बाकीची संभाषणं भराभर उलगडतात. २०१५ मध्ये लॉगजॅम नावाने जाहीर झालेल्या हल्ल्यात हेच घडलं. असंख्य सर्व्हर त्याच त्या ५१२ बिटांच्या मूळ संख्या वापरत होते. आधीची मेहनत आठवडाभराची, आणि नंतर एकेका जोडणीला सुमारे एक मिनिट.

४७ च का? जवळचा ४३ का नाही घेतला?

दोन्ही मूळ संख्या आहेत, पण त्यांच्यातून एक वजा करून बघा. ४३ मधून एक गेला की ४२, म्हणजे २ × ३ × ७. ४७ मधून एक गेला की ४६, म्हणजे २ × २३.

४३ घेतला असता तर घातांक शोधणाऱ्याला एक मोठं कोडं सोडवावंच लागलं नसतं. घातांकाला २ ने, ३ ने आणि ७ ने भागून काय काय उरतं, ही तीन छोटी कोडी सोडवून त्याने घातांक जुळवला असता. ही पोहलिग-हेलमन पद्धत. मूळ संख्या सहाशे अंकी असली तरी तिच्यातून एक वजा केल्यावर सगळे लहानसहान अवयव निघत असतील तर ती पोकळ वासाच समजा. ४७ च्या बाबतीत अवयव दोनच, आणि त्यातला २३ हा होता होईल तेवढा मोठा. अशा संख्येला सुरक्षित मूळ संख्या म्हणतात.

आणि पाया ५ का?

५ चे घात घेत गेलं की ४६ वेगवेगळ्या बाक्या येतात, १ ते ४६ मधली एकही सुटत नाही. उदाहरणासाठी हे छान दिसतं. खरं सांगायचं तर यात एक बारीक गळती आहे.

फळ्यावरच्या ४३ चा २३ वा घात काढा. बाकी ४६ येते. ५ चा सम घात असता तर १ आली असती, विषम असला की ४६ येते. म्हणजे सईचा गुप्त आकडा विषम आहे, हे एका झटक्यात उघड झालं. २६ चंही तसंच, तोही विषम. विषम गुणिले विषम म्हणजे विषम, तेव्हा शेवटचं गुपितही विषम घातांपैकीच एक. निम्म्या शक्यता बसल्याजागी गेल्या.

यावर उपाय म्हणजे ५ ऐवजी २ घेणे. ४७ च्या हिशेबात २ हा स्वतःच ५ चा अठरावा घात आहे, म्हणजे सम. त्यामुळे २ चे सगळे घात समांच्या गटातच राहतात, वरची परीक्षा दरवेळी १ च सांगते आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. बाक्या ४६ च्या २३ होतात, पण मोठ्या संख्येत एका बिटाचं नुकसान कोण मोजतो! RFC 3526 मधल्या प्रसिद्ध २०४८ बिटांच्या गटातही, ज्याला ग्रुप १४ म्हणतात, पाया २ च आहे.

माझी दोन्ही उत्तरं जुळत नाहीत. चूक कुठे असेल?

बहुतेक वेळा तीनपैकी एक असते.

पहिली, घातांक ४७ ने भागणे. ३७७ हा घातांक लहान करायचा मोह होतो, आणि करायला हरकतही नाही, पण तो ४६ ने भागून. ५ चे घात दर ४६ पावलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ३७७ ला ४६ ने भागलं की बाकी ९, आणि ५ चा नववा घात ४०, बरोबर. ४७ ने भागलंत तर बाकी १ आणि उत्तर ५. फळ्यापाशी उभं राहून ही चूक मीही केली आहे, आणि ती पकडली पहिल्या बाकावरच्या मुलीने.

दुसरी, कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट. ५ चा १३ वा घात १२२०७०३१२५, दहा अंकी, तो नीट बसतो. ५ चा २९ वा घात एकवीस अंकी आहे. स्प्रेडशीट साधारण पंधरा अंकच अचूक धरते आणि पुढचे गोल करून टाकते. मग बाकी काहीतरी भलतीच येते किंवा एरर मिळते. बाकी प्रत्येक पायरीला घेतली की हा त्रासच नाही.

तिसरी, पायथनमध्ये `5 ^ 13` लिहिणे. तिथे `^` म्हणजे घात नव्हे, एक्सऑर. उत्तर ८ येतं, एरर येत नाही, आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. योग्य रीत अशी:

```python
p, g = 47, 5
a, b = 13, 29
A, B = pow(g, a, p), pow(g, b, p)
print(A, B, pow(B, a, p), pow(A, b, p))
# 43 26 40 40
```

`pow` ला तिसरा आकडा दिला की बाकी वाटेतच घेतली जाते. `g**a % p` लहान आकड्यांना तेच उत्तर देईल, पण सहाशे अंकी घातांकापुढे कॉम्प्युटर नांगी टाकेल.

फळ्याऐवजी चिठ्ठ्या पाठवल्या तर चालेल?

इथे जपून. फळ्याचा एक गुण आतापर्यंत आपण गृहीत धरला होता: सईने लिहिलेलं सगळेच वाचतात, पण कोणी बदललं तर तिला जाता-येता दिसतं. चिठ्ठी तिसऱ्याच्या हातून जाते तेव्हा हा गुण राहत नाही.

समजा चिठ्ठ्या नेणारा लबाड आहे. तो मनात १० धरतो. ५ चा दहावा घात १२. सईची ४३ ची चिठ्ठी तो खिशात घालतो आणि निखिलला १२ ची देतो. निखिलची २६ ची चिठ्ठीही खिशात, आणि सईलाही १२.

सई १२ चा १३ वा घात काढते, बाकी ६. निखिल १२ चा २९ वा घात काढतो, बाकी २७. खिशातल्या ४३ आणि २६ चे दहावे घात काढून तो लबाड ६ आणि २७ दोन्ही मिळवतो. त्यानंतर सईचा निरोप ६ ने उघडायचा, वाचायचा, २७ ने पुन्हा बंद करून निखिलला द्यायचा. दोघांनाही वाटतं, सगळं सुरळीत आहे. त्याने एकही डिस्क्रीट लॉगॅरिदम सोडवलेला नाही, आणि मूळ संख्या सहाशे अंकी असती तरी त्याचं काम एवढंच सोपं राहिलं असतं.

ओळखायचं कसं? सईने आवाज ओळखू येईल अशा फोनवर विचारावं.

“दादा, तू चिठ्ठीत कोणता आकडा लिहिला होतास?”

“सव्वीस. का गं?”

“मला बारा मिळालाय.”

हे आकडे उघडेच असतात, त्यामुळे फोन कोणी ऐकला तरी बिघडत नाही. गुपिताचा आकडा मात्र असा बोलून ताडून पाहायचा नाही. इंटरनेटवर या फोनचं काम डिजिटल सही आणि सर्टिफिकेट करतात: सर्व्हर आपला २६ सही करून पाठवतो. सही तपासली नाही, किंवा ब्राउझरने दिलेला इशारा ‘पुढे जा’ म्हणून उडवून लावला, की आपण चिठ्ठ्यांच्या खेळात आलो.

समोरून १ किंवा ४६ आला तर?

तिथेच थांबायचं. १ चा कितवाही घात १ च. ४६ चा घात सम असेल तर १, विषम असेल तर ४६. म्हणजे निखिलने मनात काहीही धरलेलं असो, गुपित दोनच आकड्यांपैकी एक होणार आणि ऐकणारा ते दोन्ही करून बघेल. शून्याचं तर बोलायलाच नको. म्हणून आलेला आकडा २ ते ४५ च्या दरम्यान आहे ना, हे आधी बघायचं. तपासणी एका ओळीची आहे, तरीही ती लिहायची राहून गेलेले प्रोग्राम वेळोवेळी सापडलेत.

मिळालेला ४० तसाच किल्ली म्हणून वापरायचा का?

नाही. तो आधी हॅशवर आधारलेल्या एका पद्धतीतून काढतात, बहुतेकदा HKDF मधून, आणि त्यातून लागतील तेवढ्या किल्ल्या मिळतात. मघाशी सम-विषमची गळती पाहिलीत ना, कच्च्या आकड्यात असे कल असू शकतात. शिवाय जायच्या आणि यायच्या निरोपांना वेगवेगळ्या किल्ल्या लागतात.

आणि काम झालं की १३ आणि २९ पुसून टाकायचे, पुढच्या वेळी नवे धरायचे. आज कोणी सगळी देवाणघेवाण साठवून ठेवली आणि दोन वर्षांनी सर्व्हरची सहीची किल्ली चोरली, तरी त्याला ४० मिळत नाही, कारण १३ आणि २९ आता कुठेच नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या TLS 1.3 ने RSA ने किल्ली पाठवण्याची जुनी पद्धत काढून टाकली, ती मुख्यतः याच कारणासाठी.

यातून निरोप पाठवता येतो का?

नाही. ४० आधीपासून कोणाच्या मनात नव्हता, तो दोघांच्या हिशेबातून उपजला. निरोप नंतर, त्या किल्लीने AES सारख्या पद्धतीने बंद करून जातो.

हे शोधलं कोणी?

व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ते छापून जगापुढे मांडलं, आणि २०१५ चं ट्युरिंग पारितोषिक त्या दोघांना मिळालं. राल्फ मर्कल यांचंही नाव जोडायला हवं, असं हेलमन यांनी स्वतःच सुचवलंय. ब्रिटनच्या GCHQ या गुप्तचर संस्थेत माल्कम विल्यमसन यांनी हीच रीत त्याआधी, १९७४ मध्ये शोधली होती, पण ती गोष्ट १९९७ पर्यंत दडवून ठेवलेली होती.

माझ्या मशीनवर हे कुठे दिसेल?

`ssh -v` ने एखाद्या सर्व्हरला जोडून बघा. भराभर सरकणाऱ्या ओळींत `kex: algorithm:` अशी एक ओळ येते. तिथे `diffie-hellman-group14-sha256` असेल तर वर सांगितलेलीच घातांची रीत, फक्त ६१७ अंकी संख्येवर. `curve25519-sha256` असेल तर मांडणी तीच, पण घातांऐवजी वक्रावरच्या बिंदूंची पुन्हा पुन्हा बेरीज. तिथे आकडे २५५ बिटांचे पुरतात. नव्या आवृत्त्यांत नावाच्या सुरुवातीला `sntrup761` किंवा `mlkem768` दिसेल. मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर पीटर शोर यांच्या १९९४ च्या पद्धतीने डिस्क्रीट लॉगॅरिदम सुटू शकतो, म्हणून ही वेगळी जोड. `diffie-hellman-group1-sha1` दिसलं तर तो १०२४ बिटांचा जुना गट आहे, सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळवा.

सरावाला एखादं उदाहरण द्याल?

मूळ संख्या ४७, पाया २. एकाचा गुप्त आकडा ७, दुसऱ्याचा ११. फळ्यावर ३४ आणि २७ यायला हवेत आणि दोघांचं गुपित २१. घातांक लहान करणार असाल तर यावेळी ४६ ऐवजी २३ नेही भागता येतं, कारण २ चे घात दर २३ पावलांनी पुन्हा सुरू होतात. ७ × ११ = ७७, बाकी ८, आणि २ चा आठवा घात २५६.